चेहऱ्यावर अंगठा ठेवून पाहा

वर्तमानपत्रातलं किंवा मोबाइलवर आलेलं राजकीय व्यंगचित्र घरात कुणी दाखवलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "हा कोण?" मग नाक बघायचं, केस बघायचे, चष्मा बघायचा आणि नाव आठवायचं. नाव आठवलं तर हसायचं, नाही आठवलं तर "नीट काढलेलं नाही" म्हणून पुढे जायचं. ज्यांचं राहतं शहर एका राज्यात आणि मूळ गाव दुसऱ्या राज्यात आहे, त्यांची तर आणखी पंचाईत. इथल्या नेत्यांचे चेहरे ओळखीचे नसतात आणि तिकडचे आता विसरलेले असतात.

या वेळी एक साधी युक्ती सांगतो. व्यंगचित्र समोर आलं की मुख्य पात्राच्या चेहऱ्यावर अंगठा ठेवा आणि उरलेलं चित्र वाचा. 'बघा' म्हणत नाही, 'वाचा' म्हणतो. अंगावर किंवा वस्तूंवर काही शब्द लिहिलेत का? हातात, पायाशी, मागे काय आहे? आणि कोणती गोष्ट तिच्या मापापेक्षा मोठी काढली आहे? या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली की बहुतेक वेळा माणूसही कळतो आणि त्याच्याबद्दल काय म्हणायचंय तेही कळतं. अंगठा काढल्यावर चेहरा फक्त दुजोरा देतो.

हे पटवायला दीडशे वर्षांपूर्वीच्या न्यूयॉर्कला जाऊ. तिथे एका व्यंगचित्रकाराने हा अंगठा स्वतःच ठेवला होता. शहरातल्या सगळ्यात ताकदवान माणसाचं चित्र त्याने काढलं आणि त्याला चेहराच दिला नाही.

चेहरा माहीत नसलेले वाचक

त्या माणसाचं नाव विल्यम ट्वीड. डेमोक्रॅटिक पक्षाची न्यूयॉर्क शहरातली संघटना 'टॅमनी हॉल' या नावाने ओळखली जायची आणि १८७०च्या सुमाराला तिची सूत्रं ट्वीडच्या हातात होती. महापौर ओकी हॉल, शहराचा हिशेब सांभाळणारा रिचर्ड कॉनली आणि पीटर स्विनी हे त्याचे तीन मुख्य साथीदार. चौघांची पद्धत सोपी होती. शहराच्या कामांची बिलं कंत्राटदारांनी फुगवून द्यायची, ती मंजूर व्हायची आणि फुगवलेल्या रकमेचा मोठा वाटा या टोळीकडे परत यायचा. न्यायालयाच्या एका नव्या इमारतीसाठी सुरुवातीला अडीच लाख डॉलर मंजूर झाले होते. तिचा खर्च शेवटी सव्वा कोटी डॉलरच्या घरात गेला.

जुलै १८७१मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने या बिलांचे आकडे हिशेबाच्या वहीतून उतरवून छापले आणि घोटाळा उघड झाला. पण आकड्यांचे रकाने सगळ्यांना वाचता येत नाहीत. शहरात नुकतेच आलेले, इंग्रजी जेमतेम येणारे असंख्य लोक होते आणि ट्वीडची मतं मोठ्या प्रमाणात त्यांच्याकडूनच यायची. वर्तमानपत्रातल्या लेखांची आपल्याला पर्वा नाही, कारण आपल्या मतदारांना वाचता येत नाही, पण ती चित्रं मात्र त्यांना दिसतात, असं ट्वीड वैतागून म्हणाल्याचं सांगतात.

ती चित्रं काढत होता टॉमस नास्ट. जर्मनीत जन्मलेला, लहानपणी न्यूयॉर्कला आलेला हा चित्रकार 'हार्पर्स वीकली' या साप्ताहिकासाठी काम करायचा. त्या काळात चित्र लाकडाच्या ठोकळ्यावर काढायचं, मग कोरणाऱ्या कारागिरांनी ते कोरायचं आणि त्या ठोकळ्यावरून छापायचं अशी रीत होती. छायाचित्र जसंच्या तसं वर्तमानपत्रात छापण्याची सोय अजून झालेली नव्हती.

ही गोष्ट इथे फार महत्त्वाची आहे. दूरचित्रवाणी नाही, छापलेले फोटो नाहीत. म्हणजे 'हार्पर्स'च्या बहुतेक वाचकांनी ट्वीडला कधी पाहिलेलंच नव्हतं. ज्याचा चेहरा माहीत नाही, त्याचं चित्र हुबेहूब आहे की नाही हे वाचक ठरवणार कसा? त्यामुळे नास्टला ओळख पटवण्याची दुसरी साधनं उभी करावी लागली, आणि ती प्रत्येक अंकात पुन्हा पुन्हा वापरून वाचकांच्या डोळ्यांत बसवावी लागली. वाचकांनी ट्वीडवरून नास्टची चित्रं ओळखली नाहीत. नास्टच्या चित्रांवरूनच त्यांना ट्वीड ठाऊक झाला.

टोपीवरचा शब्द

पहिलं साधन म्हणजे लेबल, म्हणजेच चित्राच्या आत, एखाद्या अंगावर किंवा वस्तूवर लिहिलेला शब्द. १९ ऑगस्ट १८७१च्या अंकातलं नास्टचं एक चित्र आजही शाळा-कॉलेजांत दाखवलं जातं. काही माणसं गोल कडं करून उभी आहेत. 'लोकांचा पैसा कुणी चोरला?' असा प्रश्न खाली आहे आणि प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बोट दाखवून म्हणतोय, 'यानं!'

पुढच्या बाजूला ट्वीड आणि त्याचे साथीदार आहेत. त्यांचे चेहरे बऱ्यापैकी स्पष्ट आहेत. पण चित्राची गंमत मागच्या लोकांत आहे. ते कंत्राटदार. त्यांना रस्त्यावरचा माणूस चेहऱ्याने ओळखणं शक्यच नव्हतं. म्हणून एकाच्या टोपीवर लिहिलंय 'खुर्च्या'. हा फर्निचर पुरवणारा. टाइम्समधली फर्निचरची बिलं ज्याने वाचली किंवा ऐकली होती, त्याला हा एक शब्द पुरे होता. आणखी एका ठिकाणी तीन नावं आहेत, 'टॉम, डिक आणि हॅरी'. आपल्याकडे 'सोम्यागोम्या' म्हणतात तसलाच हा प्रकार. म्हणजे बिलांवर कुणाचीही नावं घातली होती, असे लोक होते की नव्हते कुणास ठाऊक, हे नास्टने तीन शब्दांत सांगितलं.

लेबल वाचताना शब्दाइतकंच ते कशाला चिकटवलंय हेही पाहायचं असतं. माणसाच्या टोपीवर 'खुर्च्या' लिहिलं तर तो माणूस त्या बिलाचा धनी झाला. त्याच महिन्यांत नास्टने या चौघांना गिधाडं करून एका कड्यावर बसवलं आणि त्यांच्या पायाखाली हाडं पसरली. त्या हाडांवर 'कायदा', 'स्वातंत्र्य', 'करदाता', 'भाडेकरू' असे शब्द आहेत. गिधाडांवर एकही शब्द नसता आणि त्यांची डोकी माणसांची नसती, तरी चित्राचं म्हणणं कळलं असतं, कारण कोण खाल्लं गेलं हे हाडांवर लिहिलेलं आहे. आपल्या आजच्या चित्रांतही हे होतं. एका फाटक्या पिशवीवर 'सामान्य माणूस' लिहिलेलं असतं आणि आपण मात्र ती पिशवी ओढणाऱ्याचं नाक कुणासारखं आहे ते शोधत बसतो.

डोक्याच्या जागी थैली

आता त्या बिनचेहऱ्याच्या चित्राकडे येऊ. २१ ऑक्टोबर १८७१चा अंक. थोड्याच दिवसांपूर्वी रॉचेस्टर शहरात डेमोक्रॅटिक पक्षाचं राज्य अधिवेशन झालं होतं. घोटाळा उघड होऊन तीन महिने झाले होते, तरी तिथे टॅमनीचाच वरचष्मा राहिला. नास्टने एकच माणूस काढला. उंच, रुंद, पोट पुढे आलेलं, सूट घातलेला. आणि मानेवर डोक्याच्या जागी पैशांनी फुगलेली थैली. थैलीवर डॉलरची भलीमोठी खूण अशी बसवली आहे की तीच डोळे-नाक-तोंड वाटते. चित्राखालच्या ओळीचा अर्थ असा, की रॉचेस्टरच्या अधिवेशनात टॅमनीला विजय मिळवून देणारा 'मेंदू' तो हाच.

ट्वीडचं नाव कुठेही नाही. चेहरा नाही. तरी एकाही वाचकाला शंका आली नाही. का नाही, ते पायरीपायरीने पाहू.

आधी शब्द. खालच्या ओळीत 'टॅमनी' आणि 'रॉचेस्टर' आहे. त्याने जागा आणि वेळ पक्की झाली. गेल्या काही दिवसांतलं अधिवेशन आणि त्यातला एक गट. एवढ्याने शोध लाखो माणसांवरून मूठभर माणसांवर आला.

मग खूण. सदऱ्यावर एक हिऱ्याची पिन चमकते. ट्वीड खरोखर अशी पिन लावायचा आणि तिची किंमत साडेपंधरा हजार डॉलर असल्याचं शहरात बोललं जायचं. नास्टने ती चित्रामागून चित्रात वापरली होती. एखाद्या दैवताच्या हातात डमरू दिसला की आपण मुखाकडे न बघता शंकर म्हणतो, मोरपीस दिसलं की कृष्ण म्हणतो. तसंच हे. चित्रकार एखादी वस्तू पुरेशा वेळा त्याच माणसाला देतो, तेव्हा ती त्याचं नावच होऊन जाते. आर. के. लक्ष्मण यांच्या 'कॉमन मॅन'चा चौकड्यांचा कोट आणि धोतर नुसतं खुंटीला टांगलेलं दाखवलं, तरी तुम्ही मालक ओळखाल.

शेवटी अतिशयोक्ती. ट्वीड सहा फूट उंच आणि वजनाने सव्वाशे किलोच्याही वरचा होता, म्हणजे मोठं पोट खरंच होतं. पण नास्ट ते पोट शरीराचं वर्णन म्हणून काढत नाही. घोटाळ्याच्या बातम्यांच्या शेजारी ते पोट आलं की 'खाल्लेलं' या अर्थाने वाचलं जातं. मराठीत आपण पैसा 'खाल्ला' म्हणतोच. अतिशयोक्ती म्हणजे विद्रूप करणं, असा समज असतो. खरं तर व्यंगचित्रात जे मोठं केलं जातं, तो चित्रकाराचा आरोप असतो. पोट मोठं असेल तर खादाडपणाचा, खुर्ची माणसापेक्षा मोठी असेल तर पदाला न पुरण्याचा, सावली माणसापेक्षा मोठी असेल तर मागे दुसरंच कुणी असण्याचा.

आणि थैली? ती या सगळ्याचं टोक आहे. इथे चित्रकाराने एक अवयव मोठा करण्याऐवजी पूर्ण बदललाच. 'मेंदू' हा शब्द आणि थैली एकत्र वाचली की वाक्य तयार होतं. विजय बुद्धीने मिळाला नाही, पैशाने विकत घेतला. चेहरा काढला असता तर हे वाक्य दुबळं झालं असतं. कारण मग लोक म्हणाले असते, "अरे, हा ट्वीड." थैलीमुळे ते म्हणाले, "अरे, हा पैसा, आणि तो ट्वीडच्या कपड्यांत उभा आहे."

नोव्हेंबर १८७१च्या निवडणुकीत टॅमनीचे बरेच लोक पडले. ट्वीड स्वतः मात्र निवडून आला, हेही लक्षात ठेवायला हवं. चित्रं निवडणूक जिंकून देत नाहीत. टाइम्समधले आकडे, खटले आणि पक्षातले विरोधक या सगळ्यांनी मिळून ती टोळी मोडली. चित्रांनी ती गोष्ट वाचता न येणाऱ्यांपर्यंत नेली.

चेहरा ओळखला, चित्र चुकलं

आता याच कथेचा दुसरा शेवट, आणि तो आपल्या मुद्द्यासाठी पहिल्यापेक्षाही मोलाचा आहे.

ट्वीडला १८७३मध्ये शिक्षा झाली. पुढे दिवाणी दाव्यात तो पुन्हा तुरुंगात होता. तिथून डिसेंबर १८७५मध्ये घरी भेटीला नेलं असताना तो निसटला, क्युबाला गेला आणि तिथून जहाजाने स्पेनला निघाला. तो येतोय ही खबर अमेरिकन सरकारने स्पेनला दिली होती. प्रश्न होता ओळखायचा कसा. सप्टेंबर १८७६मध्ये स्पेनमधल्या विगो बंदरात त्याला पकडलं गेलं, आणि ओळख पटवायला कामी आलं ते नास्टचं १ जुलै १८७६चं एक व्यंगचित्र.

त्या चित्रात धिप्पाड ट्वीड कैद्यांच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यांत आहे आणि त्याने दोन फाटक्या पोरांना धरलंय. इंग्रजी न येणाऱ्या स्पॅनिश अधिकाऱ्यांनी काय वाचलं? हा मुलं पळवणारा आहे! त्यांनी ट्वीडला पकडलं, पण मुलं चोरणारा म्हणून पकडलं, असं नास्टच्या चरित्रात सांगितलं जातं.

म्हणजे चेहरा आणि शरीर शंभर टक्के ओळखलं गेलं, आणि चित्र मात्र पूर्ण उलटं वाचलं गेलं. नास्टचं म्हणणं वेगळंच होतं. चित्राच्या शीर्षकात इंग्रजी बालगीतातल्या 'ट्वीडलडम आणि ट्वीडलडी' या एकाच छापाच्या दोन भावांच्या नावांवर कोटी करून ट्वीड आणि टिल्डन यांना जोडलं होतं. टिल्डन हा न्यूयॉर्कचा गव्हर्नर आणि त्या वर्षीचा डेमोक्रॅटिक पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार. भ्रष्टाचार निपटणारा अशी त्याची प्रतिमा होती. नास्ट म्हणत होता, हे कसलं शुद्धीकरण! मोठा चोर पोलिसासारखा ऐट करतो आणि भुरट्या चोरांना पकडून देतो. ती दोन पोरं म्हणजे छोटे चोर. ती लहान काढली आहेत, कारण त्यांचा गुन्हा लहान आहे. इथे आकार वयाचा नाही, चोरीचा आहे. स्पॅनिश अधिकाऱ्यांनी तो आकार वयाचा समजला आणि अर्थ घसरला.

शब्द वगळून चिन्ह वाचलं तर काय होतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही. 'मोठा माणूस, दोन छोटी मुलं, हातात धरलेली' या आकृतीचे दहा अर्थ निघतात. त्यातला एक निवडायला शीर्षक आणि लेबल लागतात.

आणि एकदा म्हणणं नीट कळलं की त्याच्याशी भांडताही येतं. ट्वीडच्या टोळीविरुद्धच्या कारवाईत टिल्डनचा स्वतःचा हात होता. मग दोघे एका छापाचे कसे? नास्ट रिपब्लिकन पक्षाचा कट्टर समर्थक होता आणि निवडणुकीचं वर्ष होतं, हे माहीत असलं की या चित्राला प्रतिप्रश्न विचारता येतो. "चेहरा छान जमलाय" म्हणणारा वाचक असा प्रश्न विचारू शकत नाही. त्याच्यापर्यंत आरोप पोचलेलाच नसतो.

टबातले राष्ट्रपती आणि गाय-वासरू

हीच रीत आपल्याकडच्या चित्रांना लावून पाहू. १० डिसेंबर १९७५च्या 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये अबू अब्राहम यांचं चित्र आलं. आणीबाणी लागून साडेपाच महिने झाले होते. न्हाणीघरातल्या टबात एक माणूस बसलाय, आणि दाराशी आलेल्या हाताकडे सही केलेला कागद परत देतोय. तो म्हणतो त्याचा आशय असा, की आणखी अध्यादेश असतील तर त्यांना जरा थांबायला सांगा.

अंगठा ठेवा चेहऱ्यावर. माणूस उघडा आहे, म्हणजे टोपी, शेरवानी, बिल्ला अशी कुठलीच ओळख नाही. चित्राला कुलूप लावलंय ते एका शब्दाने, 'अध्यादेश'. आपल्या घटनेप्रमाणे संसदेचं अधिवेशन चालू नसताना केंद्र सरकारचा अध्यादेश कुणाच्या सहीने निघतो? राष्ट्रपतींच्या. म्हणजे टबातले गृहस्थ राष्ट्रपती, आणि १९७५ साली ते होते फखरुद्दीन अली अहमद. फखरुद्दीन अली अहमद दिसायला कसे होते हे माहीत नसलेल्या आजच्या आठवीतल्या मुलालाही नागरिकशास्त्राच्या धड्यावरून हे ओळखता येईल.

आता टब. तो खूण आहे आणि अतिशयोक्तीही. कागद वाचायला टेबल लागतं, चष्मा लागतो, वेळ लागतो. यातलं टबात काहीच नाही. न वाचता, घाईने, सांगितलं तिथे सही, हा आरोप एका भांड्यात मावला. आणि दाराआडच्या माणसाचा फक्त हात दिसतो. कागद कोण पाठवतंय हे चित्रकाराने लिहिलं नाही, काढलंही नाही. सेन्सॉरशिपच्या त्या दिवसांत तो न काढलेला चेहराच सगळ्यांना दिसला.

चिन्हांच्या बाबतीत आपल्या देशात एक सोय आहे. निरक्षर मतदारांसाठी पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून पक्षांना निवडणूक चिन्हं मिळाली आणि व्यंगचित्रकारांच्या हाती तयार लेबलं आली. पण या लेबलांना मुदत असते. घरात जुने अंक किंवा कात्रणं असतील तर हे लक्षात ठेवा. बैलजोडी दिसली तर ती १९६९च्या फुटीआधीची काँग्रेस. फुटीनंतर इंदिरा गांधींच्या काँग्रेसला गाय-वासरू मिळालं, आणि आणीबाणीच्या काळात त्या गाय-वासरात लोक आई आणि मुलगा पाहू लागले. १९७८मध्ये पुन्हा फूट पडल्यावर हाताचा पंजा आला. पणती दिसली तर तो जनसंघ. त्यामुळे १९७२च्या चित्रातला उंचावलेला पंजा म्हणजे काँग्रेस, असं वाचणं चुकीचं. तो नुसता हात आहे. आणि १९६५च्या चित्रात दोन बैल दोन दिशांना ओढताना दिसले तर तो शेतीवरचा विनोद नसून पक्षातल्या भांडणावरचा असू शकतो. चित्राखालची तारीख म्हणूनच आधी बघायची. जी खूण त्या दिवशी सगळ्यांना ठाऊक होती, ती आपल्याला ठाऊक असेलच असं नाही.

काय मोठं केलंय?

या रीतीचा आणखी एक उपयोग आहे, आणि घरात मुलं असतील तर तो सांगायलाच हवा. टोकदार चित्र आणि विषारी चित्र यांतला फरक चेहरा बघून कळत नाही. काय मोठं केलंय ते बघून कळतो.

त्यासाठीही नास्टच उपयोगी पडतो. ३० सप्टेंबर १८७१ला, म्हणजे त्या थैलीच्या चित्राच्या तीनच आठवडे आधी, त्याने 'अमेरिकेतली गंगा नदी' अशा अर्थाच्या नावाचं चित्र काढलं. नदीतून मगरी काठावरच्या शाळकरी मुलांकडे सरपटत येतायत. जवळून पाहिलं की कळतं, त्या मगरी म्हणजे कॅथलिक बिशप आहेत. त्यांच्या उंच टोप्यांचे जबडे केलेत. वाद होता कॅथलिक शाळांना सरकारी पैसा द्यावा की नाही याचा. हिंदू आया मुलांना गंगेत मगरींपुढे टाकतात अशी भडक चित्रं मिशनऱ्यांच्या साहित्यातून तिकडे पसरली होती, तीच कल्पना नास्टने उचलली. एका फटक्यात कॅथलिक धर्मगुरू हिंस्र झाले आणि हजारो मैलांवरचे आपण रानटी ठरलो. आयरिश स्थलांतरितांनाही तो नेहमी माकडासारखा जबडा द्यायचा.

कारागिरी तीच, हात तोच, महिनाही जवळपास तोच. मग फरक कुठे? थैलीच्या चित्रात मोठी केलेली गोष्ट, म्हणजे पैसा, ट्वीडने केलेल्या कामातून आली होती. त्याला बिलांचा आधार होता. मगरीच्या चित्रात मोठी केलेली गोष्ट धर्मगुरूंच्या पोशाखातून आली. आयरिश माणसाचा जबडा तर जन्मातून. कुणा एकाने काय केलं, हे तिथे नाहीच. संपूर्ण समाजाला एकच नाक, एकच रंग, एकच जबडा दिला की अतिशयोक्ती आरोप राहत नाही, ती शिवी होते. मूल जेव्हा एखादं चित्र दाखवून हसतं, तेव्हा त्याला विचारा, "यात काय मोठं काढलंय? ते या माणसाने केलंय, की तो त्यासह जन्माला आलाय?" या प्रश्नाचं उत्तर द्यायला राजकारण माहीत असण्याची गरज नाही.

काही चित्रांत हे तीनही दुवे तुटलेले असतात, हेही खरं. शब्द नाहीत, खूण स्थानिक, घटना विसरलेली. अशा वेळी अर्थ लादू नये. त्या तारखेच्या आधीच्या तीन-चार दिवसांच्या बातम्या चाळाव्यात. रोजचं राजकीय व्यंगचित्र बहुधा ताज्या मथळ्यालाच बोलत असतं. आणि याच्या उलट, प्रत्येक वस्तूवर नाव चिकटवलेलं चित्र दिसलं तर समजा की चित्रकाराचा स्वतःच्या चिन्हावर विश्वास नाही. नास्टने थैलीवर 'पैसा' असं लिहिलं नव्हतं.

उद्याच्या अंकातलं चित्र घ्या. आधी तारीख आणि मथळा, मग चित्रातले शब्द आणि ते कशावर आहेत, मग वस्तू, मग जे मापाबाहेर मोठं किंवा लहान आहे ते. त्यानंतर एका वाक्यात सांगा: चित्रकार कुणावर कसला आरोप करतोय? आणि मगच चेहऱ्यावरचा अंगठा उचला.